मेनू मराठी, आवाज तमिळ: भाषा नेमकी कुठे बदलायची?

प्रश्न: आई-बाबा गावी असतात. त्यांच्या टीव्हीचा मेनू मराठी करून दिला, तरी नातवंडांचं कार्टून चॅनेल तमिळमध्येच लागतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ भाषासुद्धा मराठी केली, काही फरक नाही. मॅच ॲपवर लावली की दर वेळी हिंदी कॉमेंट्री येते. एकदाच मराठी करून ठेवायची सोय नाही का?

उत्तर:

एका जागी एकदा बदललं आणि सगळीकडे मराठी झालं, असं होत नाही. पण तीन जागी एकेकदा हात लावला की रोजची कटकट बरीच कमी होते. मी कराडला डिश आणि टीव्ही जोडायचं काम करतो. दूरदर्शनची फुकटची डिश 2004 च्या डिसेंबरात आली तेव्हापासून करतोय. तेव्हा फोन यायचे ते 'सिग्नल नाही' म्हणून. आता निम्मे फोन भाषेचे असतात.

बाहेरच्या खोलीत टीव्ही एकच दिसतो, पण भाषेच्या हिशोबाने तिथे तीन वेगळी घरं आहेत. टीव्हीचं स्वतःचं घर, त्याच्याखाली ठेवलेल्या सेट टॉप बॉक्सचं घर, आणि टीव्हीत उघडणाऱ्या प्रत्येक ॲपचं आपापलं घर. एकाचा शब्द दुसऱ्याच्या घरात चालत नाही. तुम्ही टीव्हीच्या घरात जाऊन मराठी सांगून आलात आणि कार्टून बॉक्सच्या घरातून येतंय. म्हणून फरक पडला नाही.

आता ते का, हे नीट बघा, कारण पुढचं सगळं यावर आहे. डिशवरून किंवा केबलवरून एखादं चॅनेल येतं तेव्हा चित्र एकच असतं आणि त्याच्यासोबत आवाजाचे चार, सहा, आठ ट्रॅक बांधलेले असतात. प्रत्येक ट्रॅकला भाषेची तीन अक्षरांची चिठ्ठी लावलेली असते. हे गाठोडं बॉक्स सोडवतो. त्यातला एक ट्रॅक तो निवडतो आणि तेवढाच एचडीएमआय वायरीतून टीव्हीकडे पाठवतो. बाकीचे बॉक्समध्येच टाकून दिले जातात. टीव्हीपर्यंत पोचतो तो निवडून झालेला आवाज. त्यात आणखी भाषा होत्या, हे टीव्हीला माहीतसुद्धा नसतं. गिरणीतून ज्वारी दळून आणल्यावर डब्यावर 'बाजरी' लिहिलं म्हणून भाकरी बाजरीची होत नाही.

मग टीव्हीत ती ऑडिओ भाषेची ओळ दिलीय कशाला? ॲन्टेनाची किंवा केबलची वायर थेट टीव्हीच्या मागच्या गोल भोकात लावली आणि टीव्ही स्वतःच चॅनेल पकडत असला, तर गाठोडं टीव्ही सोडवतो. तेव्हाच ती ओळ कामाला येते. आपल्याकडे बॉक्स असतोच, त्यामुळे ती ओळ बहुतेक घरांत नुसती शोभेची.

यातून रिमोटचा एक घोळ होतो. हल्ली टीव्हीच्या रिमोटने बॉक्सचं चॅनेलही बदलता येतं, म्हणून लोक बॉक्सचा रिमोट ड्रॉवरमध्ये टाकून देतात. चॅनेल आणि आवाज कमी-जास्त एवढं टीव्हीच्या रिमोटने भागतं, पण भाषा नाही. त्यावरचं ऑडिओचं बटण टीव्हीशीच बोलतं. भाषा बदलायची तर बॉक्सचाच रिमोट हवा. तो हरवला असेल तर आधी नवा आणा. त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा आणा. सगळ्यांना चालणारा म्हणून मिळतो त्यावर नेमकं भाषेचं बटण नसतं किंवा चालत नाही.

परवाच ओगलेवाडीला एका घरी गेलो होतो. तुमच्यासारखीच तक्रार, फक्त तमिळच्या जागी तेलुगू. आजी म्हणाल्या, "पोरगं दोन दिवस बघतंय तसंच, त्याला काही फरक पडत नाही, मलाच कळत नाही ते काय बोलतात." ड्रॉवरमधून बॉक्सचा रिमोट काढला, सेल बदलले. कार्टून चॅनेल लावून ठेवलं, कारण भाषा त्या क्षणी चालू असलेल्या चॅनेलची बदलते, आधी मेनूत जाऊन नाही. मग भाषेचं बटण दाबलं. हे बटण प्रत्येक कंपनीचं निराळं असतं. कुठे `LANG` लिहिलेलं असतं, कुठे `AUDIO`, काही रिमोटवर रंगीत बटणांपैकी एकावर ते काम दिलेलं असतं, तर कुठे `OPTIONS` दाबून आत जावं लागतं. दाबल्यावर कोपऱ्यात अशी पट्टी आली:

```
hin
eng
tam
tel
mar
```

टिक `tel` समोर होती. खाली जाऊन `mar` वर `OK` दाबलं. आवाज क्षणभर तुटला आणि मराठी सुरू झाली. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

या तीन अक्षरांबद्दल थोडं सांगतो, कारण स्वस्तातले बॉक्स पूर्ण नाव न दाखवता नुसती अक्षरं दाखवतात. `mar` म्हणजे मराठी. एका गिऱ्हाईकाला ते मारवाडी वाटलं होतं, पण मारवाडीची चिठ्ठी `mwr` असते. `mal` म्हणजे मल्याळम, आणि लांबून बघताना `mar` आणि `mal` मध्ये चष्म्याचा नंबर कळतो. कोकणीची चिठ्ठी `kok`. `und` दिसलं तर भाषा लिहिलेलीच नाही असा अर्थ, आणि `qaa` दिसलं तर बहुधा कार्यक्रमाचा मूळ आवाज. ही दोन्ही दिसली तर लावून ऐकल्याशिवाय पर्याय नाही.

आजींच्या घरी मी तिथून लगेच निघालो नाही, आणि तुम्हीही निघू नका. बटणाने केलेला बदल टिकेलच असं नाही. काही बॉक्स चॅनेलनिहाय निवड लक्षात ठेवतात, काही चॅनेल बदललं की विसरतात, आणि काही रिमोटने बंद-चालू केलं तर लक्षात ठेवतात पण भिंतीचं बटण बंद केलं की विसरतात. गावाकडे रात्री भिंतीचं बटण बंद करायची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. म्हणून तपासणी अशी करायची: भाषा बदला, दुसऱ्या चॅनेलवर जाऊन परत या. मग बॉक्सचा प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावा आणि पुन्हा तेच चॅनेल बघा. दोन्ही वेळा मराठीच आली तर झालं काम.

नाही आली, तर बॉक्सच्या मेनूत जायचं. तिथे `Settings` मध्ये भाषेचं पान असतं आणि त्यात बहुतेक दोन वेगळ्या ओळी असतात. एक मेनूच्या भाषेची आणि दुसरी पसंतीच्या ऑडिओची. दुसरीचं नाव `Preferred Audio`, `Audio Language` किंवा `First Audio` असं काहीतरी असतं. लोक पहिली ओळ बदलतात आणि दुसरीची वाट बघत बसतात. मेनूच्या ओळीत पुष्कळदा मराठी नसतेच, बऱ्याच बॉक्समध्ये तिथे इंग्रजी आणि हिंदी एवढंच मिळतं. पण ऑडिओच्या ओळीत मराठी असू शकते. तिथे पहिली पसंती मराठी, दुसरी हिंदी असं करून ठेवा.

ही दुसरी पसंती महत्त्वाची आहे. चॅनेल लागलं की बॉक्स आपली पसंतीची अक्षरं आणि ट्रॅकवरच्या चिठ्ठ्या जुळवून बघतो. जुळलं तर तो ट्रॅक. नाही जुळलं तर दुसऱ्या पसंतीचा शोध. तेही नाही मिळालं तर गाठोड्यात जो ट्रॅक पहिला बांधलाय तो वाजवतो. तो पहिला ट्रॅक कुठल्या भाषेचा, हे पाठवणाऱ्याच्या हातात. काही न करता अचानक तमिळ किंवा तेलुगू यायला लागतं ते बहुधा यामुळे. पसंतीची ओळ रिकामी असते किंवा बॉक्सने नवं सॉफ्टवेअर घेताना ती पुसली जाते, आणि मग पहिला नंबर लागेल तो. दुसरं कारण अर्थातच नातवंडं. भाषेचं बटण आवाजाच्या बटणाच्या शेजारी असेल तर त्यांचं बोट जाणारच.

आता जिथे तुमच्या हातात काहीच नाही ते सांगतो, म्हणजे उगाच रिमोट झिजणार नाही.

पट्टीत `mar` दिसतंच नाही, पण मावशीकडे त्याच चॅनेलवर मराठी येते, असं होतं. चॅनेल वाल्यांनी आठ भाषा पाठवल्या तरी मधला केबलवाला किंवा डिश कंपनी त्या सगळ्या पुढे पाठवेलच असं नाही. प्रत्येक ट्रॅक जागा खातो. एका साध्या स्टिरिओ ट्रॅकला सेकंदाला साधारण 64 ते 192 किलोबिट लागतात. एका चॅनेलचे सहा ट्रॅक वाचवले की फारसं काही वाटत नाही, पण शंभर चॅनेलचे वाचवले तर त्या जागेत आणखी चॅनेल बसतात. म्हणून केबलचा मोठा ऑपरेटर आपल्या भागात खपतात त्या भाषा ठेवतो आणि बाकीच्या गाळतो. सीमेलगत हे फार दिसतं. बेळगावकडे किंवा सोलापूरच्या पुढे केबल कोणत्या बाजूने आलीय त्यावर मराठी आहे की कन्नड, हे ठरतं. अशा वेळी बॉक्स बदलून उपयोग नाही, कारण गाळणी त्याच्या आधीच लागलेली असते. ऑपरेटरला फोन करताना 'भाषा येत नाही' असं मोघम सांगू नका. 'अमुक नंबरच्या चॅनेलवर मराठी ऑडिओ ट्रॅक तुमच्याकडून येतो का' असं विचारा. पहिल्या वाक्यावर ते बॉक्स बंद-चालू करायला सांगतात.

दुसरा प्रकार जास्त चक्रावणारा आहे. पट्टीत `mar` आहे, त्यावर टिक आहे, आणि आवाज मात्र हिंदी. बॉक्स खराब नसतो. चिठ्ठी भाषेची असते, आतल्या मालाची हमी नसते. त्या कार्यक्रमाचं मराठी डबिंग झालेलंच नसेल तर ट्रॅक रिकामा सोडता येत नाही, म्हणून त्यात हिंदी भरून पाठवतात. ओळखायची पद्धत सोपी: कार्यक्रम संपेपर्यंत थांबा. पुढचा कार्यक्रम मराठीत लागला तर मागचा डब झालेला नव्हता. दिवसभर कुठल्याच कार्यक्रमात मराठी आली नाही तर मग चिठ्ठी चुकलीय किंवा मधल्या कोणीतरी भलताच ट्रॅक जोडलाय. ते ऑपरेटरच्या कानावर घालायचं. जाहिरातींवरून मात्र काही ठरवू नका. कार्यक्रम मराठी आणि जाहिराती हिंदी, हे नेहमीचं आहे.

भाषा बदलली आणि आवाजच गेला, असंही होतं. एचडी चॅनेलवर कधी एकाच भाषेचे दोन ट्रॅक असतात, एक साधा आणि एक डॉल्बीचा. डॉल्बीचा निवडला आणि टीव्हीला किंवा साउंडबारला तो उलगडता येत नसेल तर चित्र चालू आणि घर शांत. दुसरा ट्रॅक निवडून बघा. आवाज परत आला तर हेच कारण. कायमचा इलाज म्हणजे बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट `PCM` करून ठेवणं. मग उलगडायचं काम बॉक्स करतो आणि टीव्हीला साधा आवाज मिळतो. साउंडबार भारीतला असेल तर त्याची मजा थोडी जाते. आई-बाबांच्या घरी मी बिनधास्त `PCM` करतो.

फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर आणखी एक गंमत आहे. त्यांच्या ऑडिओच्या पट्टीत भाषेसोबत `Left`, `Right`, `Stereo` अशी निवड असते. भाषा शोधता शोधता बोट त्याच्यावर पडलं की आवाज एकाच बाजूचा येतो. मागे पार्श्वसंगीत ऐकू येतं आणि माणसं पुटपुटतात असं वाटतं. स्पीकर गेला म्हणून टीव्ही दुकानात घेऊन आलेले लोक मी पाहिलेत. `Stereo` करा, झालं.

आता ॲप. इथे बॉक्स नाही, पण प्रत्येक ॲपचा कारभार वेगळा आहे. ॲपची भाषा ठरवताना साधारण तीन गोष्टींची खेच असते: तुम्ही मागच्या वेळी काय निवडलंत, तुमच्या प्रोफाइलमध्ये कोणती भाषा आहे, आणि पाठवणाऱ्याने आपणहून कोणती पुढे ठेवलीय. टीव्हीच्या मेनूची भाषाही काही ॲप विचारात घेतात, काही तिकडे ढुंकून बघत नाहीत. आणि मेनूची भाषा आणि आवाजाची भाषा इथेही वेगळ्याच. ॲपचा मेनू इंग्रजीत असला तरी सिनेमा मराठीत ऐकता येतो.

सिनेमा-मालिकांचं आणि थेट मॅचचं गणित मात्र एक नाही. सिनेमात चित्र एकच असतं आणि त्याला आवाजाचे ट्रॅक जोडलेले असतात, बॉक्ससारखेच. चालू असताना रिमोटवर वर किंवा खाली दाबलं की खालची पट्टी उघडते. तिथे ऑडिओ आणि सबटायटल्सचं चिन्ह असतं, बोलण्याच्या फुग्यासारखं. भाषा बदलली की चित्र होतं तिथूनच पुढे जातं. थेट मॅचमध्ये पुष्कळदा प्रत्येक भाषेचं प्रक्षेपणच स्वतंत्र असतं: वेगळे कॉमेंटेटर, वेगळ्या गप्पा, कधी स्कोअरची पट्टीसुद्धा त्या भाषेत. 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर 12 भाषांत दाखवली, त्यात मराठी होती, भोजपुरीही होती. तेव्हापासून गावोगावी ही मागणी सुरू झाली. 2025 च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं, तरी भाषा निवडायची रीत तीच.

स्वतंत्र प्रक्षेपण असल्याने दोन गोष्टी होतात. भाषा बदलली की चित्र थांबतं, गोल फिरतं आणि पुन्हा सुरू होतं. ते नेट खराब असल्याचं लक्षण नाही. आणि दोन भाषांमध्ये काही सेकंदांचं अंतर असू शकतं, त्यामुळे बदलल्यावर तोच चेंडू पुन्हा दिसला तर घाबरू नका. बाहेरच्या खोलीत मराठी आणि आतल्या खोलीत हिंदी लावलीत तर एका खोलीतली आरोळी दुसऱ्या खोलीत विकेट फोडते.

दर वेळी हिंदी लागते त्याचं कारण बहुतेक मुख्य पानावरची मोठी चौकट. तिथून मॅच उघडली की ॲपने पुढे ठेवलेली भाषा लागते. मॅचच्या स्वतःच्या पानावर जा, तिथे भाषांची यादी असेल तर त्यातून मराठी उघडा. किंवा एकदा आत जाऊन प्लेअरमधून मराठी करा आणि मॅच निदान पाच-दहा मिनिटं तशीच चालू द्या. अनुभव असा, की बदलून लगेच बाहेर पडलं तर निवड पुष्कळदा राहत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट प्रोफाइलची. तुमचं सगळं घर एकाच प्रोफाइलवर चालत असणार. पुण्यात तुम्ही इंग्रजी लावता, बायको हिंदी मालिका बघते आणि गावी बाबांना मराठी हवी. ॲप सगळ्यांची आवड एकाच वहीत लिहितं आणि शेवटची नोंद धरतं. बाबांचं वेगळं प्रोफाइल करा, त्याची भाषा मराठी ठेवा, मराठी नसेल तर हिंदी, आणि त्यांच्या टीव्हीवर तेच उघडं ठेवा. नातवंडांचं किड्स प्रोफाइल असेल तर ते आणखी वेगळं. तिथेही एकदा जाऊन भाषा बघावी लागते.

नेटफ्लिक्समध्ये प्रोफाइलची भाषा वेबसाइटवर जाऊन खात्यातून बदलता येते. फोनच्या ब्राउझरवर ते सोपं जातं. टीव्हीवर बदल दिसला नाही तर एकदा साइन आउट करून परत यायचं. तिथे पूर्वी टीव्हीवर ऑडिओच्या मोजक्याच भाषा दिसायच्या. 2025 पासून त्या शीर्षकाच्या सगळ्या भाषा दिसतात, म्हणजे यादीत मराठी नसेल तर ती खरोखरच नाही. परदेशातून बघणाऱ्यांसाठी एक भर: एखाद्या शीर्षकाचा मराठी ट्रॅक भारतात असला म्हणून अमेरिकेत असेलच असं नाही, हक्क देशानुसार असतात.

यूट्यूबवर उलटी तक्रार येते. बोलणारा माणूस इंग्रजी, आणि आवाज मात्र कोरडा, यंत्रासारखा, हिंदी. काही व्हिडिओंना आता अनेक भाषांचे ट्रॅक असतात, त्यातले काही आपोआप डब केलेले. व्हिडिओ चालू असताना गिअरचं चिन्ह उघडा, `Audio track` मध्ये जा आणि ज्याच्यापुढे `original` लिहिलंय ते निवडा.

एक भूत आणखी सांगतो. सिनेमा चालू आहे आणि कोणीतरी मध्येमध्ये 'ती दार उघडते, पावसाकडे बघते' असं बोलतंय. कोणी तोडफोड केलेली नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीचा वर्णनाचा ट्रॅक निवडला गेलाय. यादीत त्याच्यापुढे `Audio Description` किंवा नुसतं `AD` असतं. त्याच भाषेचा साधा ट्रॅक निवडा. पण सिनेमा चालू नसताना, नुसत्या मेनूत फिरतानाही टीव्ही प्रत्येक ओळ वाचून दाखवत असेल, तर तो वेगळा मामला. ते टीव्हीच्या `Accessibility` मध्ये जाऊन बंद करायचं.

मेनूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही तो आधीच मराठी केलाय. पण मला उद्याचा फोन आत्ताच ऐकू येतोय: 'मेनू कुठल्यातरी चिनी भाषेत गेलाय.' तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की भाषांच्या यादीत प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते. सगळा मेनू अरबीत गेला तरी त्या यादीत 'मराठी' असंच दिसतं. प्रश्न फक्त तिथवर पोचायचा. गुगल टीव्हीवर गिअरच्या चिन्हातून आत गेल्यावर `System` आणि त्यात `Language` आहे, भाषेपुढे पृथ्वीगोलाचं चिन्ह असतं. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर `System` च्या जागी `Device Preferences`. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर `General` मधल्या `System Manager` मध्ये, एलजीवर `General` मधून आत गेल्यावर. मॉडेलप्रमाणे ओळी वर-खाली असतात, म्हणून पुढच्या वेळी गावी गेलात की फोनवर प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवा आणि वरून कितवी ओळ ते लिहून ठेवा. वाचता आलं नाही तरी मोजता येतं. घाईने फॅक्टरी रीसेट करू नका. पहिल्याच पानावर भाषा विचारतात हे खरं, पण वायफायचा पासवर्ड आणि सगळ्या ॲपची लॉगिन पुन्हा टाकत बसावं लागतं, आणि बाबांना तुमचा ओटीपी रात्री दहाला लागतो.

मेनू मराठी ठेवायचा का, यावर माझं मत विचाराल तर ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी नक्की ठेवा. अडचण एकच. तुम्ही पुण्याहून फोनवर 'डिस्प्ले अँड साउंडमध्ये जा' म्हणाल आणि बाबांसमोर ते मराठीत असेल. दोघांच्या फोनवर ते फोटो असले की तेवढीही अडचण राहत नाही. आणि पासवर्ड टाकताना कीबोर्ड देवनागरी आला तर त्यावरचं पृथ्वीगोलाचं बटण दाबलं की इंग्रजी अक्षरं येतात.

तर पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आधी बॉक्सचा रिमोट शोधा, कार्टून चॅनेल लावून मराठी करा, मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये पसंती मराठी आणि हिंदी अशी भरा, प्लग काढून तपासा. त्यानंतर ॲपमध्ये बाबांचं प्रोफाइल. आणि भाषेच्या बटणावर एक खूण करा. मी नेलपेंटचा ठिपका द्यायचो, पण तो महिन्याभरात निघतो. ओगलेवाडीच्या आजींनी स्वतःची लाल टिकली काढून बटणाच्या शेजारी चिकटवली आणि वरून सेलोटेप लावला. बटणावर लावली असती तर दाबून दाबून निघाली असती, असं त्याच म्हणाल्या.